कवीच्या घरी जाणारं पहिलं पत्र

प्रश्न: आमच्या तालुक्यातल्या एका कवीवर (निधन १९५३) मी लिहितोय. त्यांचं मूळ घर अजून उभं आहे आणि माळ्यावर कागदांची ट्रंक आहे असं गावात सांगतात. घरात त्यांच्या एक वृद्ध सूनबाई एकट्या राहतात. बाकीचे मुंबई-पुण्याला, एक नातू अमेरिकेत. मुंबईच्या नातवाला फोन केला तर "तिथे काही नाही" म्हणाले. आता रीतसर पत्र पाठवावं म्हणतो. कोणाला लिहू आणि काय लिहू?

उत्तर:

"तिथे काही नाही" हे वाक्य मी गेल्या तीसेक वर्षांत इतक्या ओट्यांवर ऐकलंय की आता त्याने खट्टू होत नाही. आणि ते बहुतेक वेळा खोटंही नसतं. घरच्यांच्या मनात 'कवीचे कागद' म्हणजे वळणदार अक्षरातली, पुठ्ठा घातलेली, पहिल्या पानावर नाव असलेली कवितांची वही. तशी वही त्यांनी कधी पाहिलेली नाही, म्हणून काही नाही. ट्रंकेत वाण्याच्या हिशेबाच्या वह्या, पोस्टकार्डं, मनीऑर्डरीच्या पावत्या, दोनचार जुनी पंचांगं असतात. ती त्यांच्या लेखी रद्दी. नातू तुमच्याशी खरंच बोलला, फक्त तुमचा शब्द त्याने त्याच्या अर्थाने घेतला.

दुसरी गोष्ट जास्त नाजूक आहे. अनोळखी माणूस फोन करून "मूळ घरातल्या ट्रंकेबद्दल" विचारतो तेव्हा समोरच्याला ट्रंक ऐकू येत नाही, घर ऐकू येतं. घर सामाईक, वाटण्या अर्धवट, चुलत्याचं नाव अजून उताऱ्यावर, रस्ता रुंद होणार म्हणून जागेला भाव आलेला. अशा वेळी जुने कागद कोणाला हवेत, तर त्यात खरेदीखत किंवा वाटणीपत्र सापडेल असं वाटणाऱ्याला. म्हणजे तुम्ही कवितेचं विचारताय आणि त्यांना तुमच्यामागे कोण उभा आहे हा प्रश्न पडलाय. तुमच्या पत्राचं पहिलं काम ही शंका घालवणं. कागद दाखवायची विनंती त्यानंतरची.

काही गोष्टी परिस्थितीवर आहेत, त्या आधीच सांगतो. घराचा दावा कोर्टात चालू असेल तर कितीही चांगलं पत्र लिहा, उपयोग नाही, निकालापर्यंत थांबा. कवीने घर कर्जात घातलं असेल, किंवा पहिल्या बायकोशी वागणूक बरी नसेल, तर एखादी शाखा त्यांचं नावही काढू देत नाही, आणि हे तुम्हाला गावातल्या दुसऱ्या कोणाकडून आधी कळलेलं बरं. तिसरं म्हणजे कागद तिथे नसण्याची शक्यता खरीच आहे. कागद घराबरोबर राहत नाहीत, नोकरीबरोबर फिरतात. केशवसुतांचं मूळ गाव मालगुंड, तिथे आज त्यांचं स्मारक आहे. पण नोकरी फैजपूर, धारवाड अशी झाली आणि १९०५ साली ते गेले हुबळीला, प्लेगने. शेवटच्या बिऱ्हाडातल्या वह्या आवरायला कोण होतं, हा प्रश्न अशा ठिकाणी घरापेक्षा महत्त्वाचा. तुमचे कवी आयुष्यभर गावात होते की चाळिशीनंतर पेन्शन घेऊन परतले, ते आधी तपासा. परतले असतील तर ट्रंक त्यांच्याबरोबर आली असण्याची आशा धरायला हरकत नाही.

आता कोणाला लिहायचं. माझं मत स्पष्ट आहे: पत्र सूनबाईंच्या नावाने, आणि तेच पत्र अक्षरशः जसंच्या तसं बाकी शाखांना. आपल्याकडे सवय अशी की मोठ्या मुलाला किंवा मुंबईच्या शिकलेल्या नातवाला लिहायचं. पण किल्ली कोणाकडे आहे? माळ्यावर शेवटचं कोण चढलं होतं? पोस्टकार्डावरचं अक्षर सासऱ्यांचं की थोरल्या जावेचं, हे कोण सांगेल? नातवाने परवानगी दिली आणि काकूंना ती मुंबईहून फोनवर कळली, तर त्या तुम्हाला चहा देतील, ट्रंक देणार नाहीत. उलट फक्त त्यांनाच लिहिलंत तर "म्हातारीला एकटी गाठून कागद बघितले" असं होतं. म्हणून सगळ्यांना एकच मजकूर, आणि कोणाकोणाला पाठवलाय ते पत्रातच लिहिलेलं. अमेरिकेतल्या नातवालाही पाठवा, ईमेलने चालेल. लांब राहणाऱ्यालाच घरातल्या वस्तूंची सगळ्यात जास्त काळजी असते असा माझा अनुभव आहे.

वारस शोधताना ग्रामपंचायतीचा नमुना ८ किंवा गावठाणातली मिळकत पत्रिका बघायचा मोह होईल. त्यात सहहिस्सेदारांची नावं सापडू शकतात हे खरं. बघा हवं तर, पण पत्रात किंवा बोलण्यात त्याचा उल्लेख चुकूनही नको. ज्याने उतारा काढलाय तो कवितेसाठी आलाय यावर कोणी विश्वास ठेवत नाही. त्यापेक्षा छापील कुलवृत्तान्त असेल तर तो बघा, नाहीतर घरी पूजा सांगणारे भटजी, गावातला गुरव किंवा निवृत्त पोस्टमन यांना विचारा. पोस्टमनला कोणाच्या मुलाचं पत्र कुठून येतं हे चाळीस वर्षं पाठ असतं.

पत्र लिहायच्या आधी एक काम करा, ते मी कधीच चुकवत नाही. त्या घरात नसलेली, पण त्यांचीच असलेली एक वस्तू मिळवा. तुमच्या कवींच्या काळात 'रत्नाकर', 'यशवंत', 'किर्लोस्कर' अशा मासिकांतून कविता यायच्या. त्याआधीच्या पिढीतले असतील तर जळगावहून निघणारं, फक्त कवितेला वाहिलेलं 'काव्यरत्नावली' बघा. जुने अंक दादरच्या मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालयात किंवा ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयात बसून चाळता येतात. एक दिवस घालवा आणि एक कविता शोधा. त्या पानाची स्वच्छ प्रत काढा, खाली मासिकाचं नाव, महिना, वर्ष स्वतःच्या अक्षरात लिहा. ही प्रत पत्रासोबत जायची. मागायला येणारे खूप असतात. घरात काहीतरी घेऊन येणारा माणूस लक्षात राहतो. शिवाय त्याने तुम्ही खरोखर कवितेसाठीच आलाय हे न सांगता कळतं.

वेळ. कोकणातलं घर असेल तर माणसं दोनदा एकत्र येतात, गणपतीला आणि शिमग्याला. कागद मात्र दोन्ही वेळा बघायचे नाहीत: गणपतीत हवेत ओल असते, शिमग्यात घरात पालखीची गडबड. म्हणून पत्र गणपतीच्या महिना-दीड महिना आधी पोचेल असं टाका, म्हणजे आरतीनंतर कोणीतरी विषय काढेल आणि सगळ्यांसमोर ठरेल. प्रत्यक्ष जायचं ते दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर. भादव्यात घडी उघडलेला कागद हातातच मऊ पडतो, चिकटलेली पानं सुटत नाहीत, ओढली तर अक्षरं समोरच्या पानावर जातात. देशावरचं घर असेल तर त्यांच्या गावच्या जत्रेचा हिशेब धरा.

पाठवायचं साध्या टपालाने, नाहीतर ओळखीच्या माणसाच्या हाती. सही घेऊन देणारं टपाल नको. गावात सही घेऊन पाकीट आलं म्हणजे कोर्टाची नोटीस, हे ठरलेलं आहे. टाइप करत असाल तर अक्षर मोठं ठेवा आणि एका पानात संपवा. काकूंना ते शेजारची नातसून वाचून दाखवणार आहे, हे धरून वाक्यं लहान ठेवा.

मी अलीकडे पाठवलेल्या एका पत्राचा मसुदा नावं काढून खाली देतो. तुमच्या माहितीप्रमाणे बदला.

"आदरणीय काकूंस,

सा. न. वि. वि.

मी शेजारच्या … गावचा. माझे वडील … येथील शाळेत शिक्षक होते. आपल्या तालुक्यातल्या जुन्या कवींविषयी मी माहिती जमवतो आहे. आपले मामंजी कै. … यांची '…' ही कविता १९२९ साली मासिकात छापून आली होती. त्या पानाची प्रत सोबत पाठवत आहे. ती आपल्या घरी असू द्यावी.

या कवितेच्या तिसऱ्या कडव्यात एका विहिरीचा उल्लेख आहे. ती आपल्या घरामागचीच विहीर का, हे आपल्याकडून ऐकायची इच्छा आहे.

त्यांच्या हातचे लिहिलेले काही घरात असेल तर ते आपल्या घरी, आपल्यासमोर बसून पाहावे असे वाटते. कवितांची वहीच हवी असे नाही. हिशेबाच्या वह्या, आलेली पोस्टकार्डे, पंचांगाच्या कडेला केलेल्या नोंदी, एखाद्या पुस्तकाच्या कोऱ्या पानावर लिहिलेले चार शब्द, काहीही चालेल. मी एकही कागद घराबाहेर नेणार नाही. आपण नको म्हणाल त्याचा फोटो काढणार नाही. काढलेल्या फोटोंची प्रत आणि पाहिलेल्या कागदांची यादी आपल्याला देईन. पुढे काही छापावेसे वाटले तर त्यासाठी वेगळे पत्र लिहून सर्वांची परवानगी मागेन. आज ती मागत नाही. घर-जमिनीचे कागद दिसले तर ते न वाचता बाजूला ठेवीन.

एक विनंती. मी येणार म्हणून काहीही आवरू नये, झटकू नये, उन्हात घालू नये. फाटलेले किंवा वाळवी लागलेले असले तरी जिथे आहे तिथेच असू द्यावे.

हेच पत्र श्री. … (मुंबई), सौ. … (पुणे) आणि श्री. … (अमेरिका) यांनाही पाठवले आहे. गणपतीला सगळे जमतील तेव्हा बोलून ठरवावे. घाई नाही. नको असे ठरले तर एका ओळीने कळवावे, मी पुन्हा विषय काढणार नाही. हो म्हणालात तर दिवाळीनंतर आपल्या सोयीच्या दिवशी सकाळी दहाला येईन. माझा डबा मी आणतो.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र"

यातल्या काही वाक्यांमागे ठेच लागलेली आहे, म्हणून ती का आहेत ते सांगतो.

विहिरीचा प्रश्न वरवर गोड वाटेल, पण पत्रातला तोच सर्वात कामाचा भाग आहे. काकूंना ज्याचं उत्तर नक्की देता येतं असा एक प्रश्न विचारा. कागदांबद्दल त्यांना वाटतं, आपल्याला काय कळतंय त्यातलं. विहिरीबद्दल तसं वाटत नाही. या पत्राला आलेलं उत्तर होतं, "ती विहीर नव्हे, ती खालच्या आगरातली, आता बुजवली." तेवढ्यावर आमचं बोलणं सुरू झालं.

'आवरू नये' हा परिच्छेद माझ्या चुकीतून आलाय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका घरी मी लिहिलं होतं, "आपल्याकडील जीर्ण व मौल्यवान कागदपत्रे पाहण्याची संधी मिळावी." ठरलेल्या दिवशी गेलो तर ओटीवर सतरंजी घातलेली, तिच्यावर पंधरावीस कागद नीट मांडलेले, एकावर एक नाही, शेजारीशेजारी. घरातल्या वहिनी मोठ्या उत्साहाने म्हणाल्या, "तुमचं पत्र आलं नि दोन दिवस बसून सगळं साफ केलं. चांगलं चांगलं काढून ठेवलंय." आणि बाकीचं? "ते अगदीच जीर्ण होतं हो. बंबात घातलं." मागीलदारी बंब अजून कोमट होता. राखेत एका वहीच्या पाठीची शिवण तेवढी अख्खी होती, दोरा आणि त्याला चिकटलेली बोटभर पानं. मी चहा प्यायलो. काय बोलणार? जीर्ण हा शब्द मीच पाठवला होता. तेव्हापासून पत्रात 'जीर्ण' नाही आणि 'मौल्यवान' तर मुळीच नाही. त्या दुसऱ्या शब्दाने लोकांना किंमत आठवते, आणि किंमत म्हटली की वाटा. 'दुर्मिळ', 'ठेवा', 'वारसा' हेही टाळा. वारसा शब्दात वारस बसलेला आहे.

'घराबाहेर नेणार नाही' हे वाक्य पाळायला जड जातं, पण त्याला पर्याय नाही. तुम्ही ज्या घरी जाल तिथे आधी कोणीतरी येऊन गेलेला असण्याची शक्यता आहे. कोणी प्राध्यापक, कोणी स्मरणिकेचा संपादक. वही "आठवड्यात आणून देतो" म्हणून नेली, ती आजतागायत आली नाही. त्याचं ऋण तुमच्या खात्यावर आहे असं धरा. घरचे स्वतः "न्या हो, इथे पडून काय होणार" म्हणाले तरी पहिल्या भेटीत नेऊ नका. आज काकूंनी दिलेला कागद उद्या पुण्याच्या शाखेला चोरीला गेलेला वाटतो. पुढे कधी न्यायची वेळ आलीच तर दोन प्रतींत यादी, प्रत्येक वहीची पानं मोजून, दोघांच्या सह्या, आणि परतीची तारीख.

छापण्याचं वेगळं का ठेवलं, ते थोडं समजून घ्या, कारण इथे जाणती माणसंही घसरतात. कवी १९५३ साली गेले. आपल्या कायद्याप्रमाणे लेखकाच्या मृत्यूनंतरच्या वर्षापासून साठ वर्षं धरायची, म्हणजे त्यांच्या हयातीत छापून आलेल्या कविता २०१४ पासून खुल्या झाल्या. पण जी कविता त्यांच्या हयातीत कधी छापलीच गेली नाही, तिची साठ वर्षं ती पहिल्यांदा छापली जाईल तेव्हापासून मोजतात. म्हणजे ट्रंकेतल्या अप्रकाशित कवितेवर आजही वारसांचा हक्क आहे, आणि तो एका नातवाचा नाही, सगळ्यांचा. काकूंनी तोंडी "छापा की" म्हटलं ते पुरत नाही. पत्रांचं आणखी गमतीचं आहे: कवींना आलेलं पत्र, तो कागद, या घरचा, त्यातला मजकूर मात्र लिहिणाऱ्याचा, म्हणून त्याच्या वारसांचा. एखाद्या मोठ्या लेखकाचं कार्ड सापडलं की ते लगेच फेसबुकवर टाकायची घाई होते. घरच्यांनी हो म्हटलं तरी तो अधिकार त्यांचा नसतो. हे सगळं पहिल्या पत्रात लिहायचं नाही, लोक घाबरतात. पहिल्या पत्रात एवढंच, की छापायचं झालं तर वेगळं विचारीन. अमेरिकेच्या नातवाने मूळ वही तिकडे न्यायचं मनात आणलं तर मात्र सौम्यपणे सांगून ठेवा, की पंचाहत्तर वर्षांहून जुनं, साहित्य-इतिहासाच्या दृष्टीने मोलाचं हस्तलिखित पुरावस्तूंच्या कायद्यात बसतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर नेता येत नाही.

जमिनीचे कागद न वाचता बाजूला ठेवीन, हे वाक्य आधी माझ्या पत्रात नव्हतं. एका घरी काकांनी मला ट्रंक दाखवली, पण प्रत्येक कागद आधी स्वतः हातात घेऊन बघायचे आणि मग माझ्याकडे द्यायचे. दोन तासांत अकरा कागद झाले. मग मीच म्हटलं, स्टँप असलेला कागद दिसला तर मी डोळे मिटतो, तुम्ही उचला. ते हसले, आणि बाकीची ट्रंक दुपारपर्यंत झाली.

आता उत्तराचं. गणपती होऊन पंधरा दिवस गेले आणि काही आलं नाही, तर एकदा फोन करा, काकूंना, आणि विचारा फक्त एवढंच: कवितेचं पान पोचलं का? ट्रंकेचं नाव काढू नका. "दिवाळीनंतर बघू" हे कोकणात नकाराचं सभ्य रूप असू शकतं, पण त्यानंतर "तुमचं गाव कुठलं म्हणालात?" असं विचारलं तर तो नकार नाही, तुमची चौकशी चालू आहे. तुमच्या गावात कोणाला तरी फोन जाईल, म्हणून तिथल्या एखाद्या जाणत्या माणसाला आधी सांगून ठेवा. "नको" आलं तर दिलेला शब्द पाळा. मी दोन घरांतून असा परत आलोय. एका घरून नऊ वर्षांनी स्वतःहून बोलावणं आलं, दुसऱ्या घरून अजून नाही.

वर ज्या पत्राचा मसुदा दिला, त्या घरी मी मार्गशीर्षात गेलो. माळ्यावर ट्रंक होती, आणि "काही नाही तिथे" हे घरच्यांच्या अर्थाने खरं होतं. कवितांची वही त्यात नव्हती. वर रेशनची कार्डं आणि लग्नपत्रिका, मध्ये पोस्टकार्डांची सुतळीने बांधलेली जुडी, तळाशी वाण्याच्या सहा वह्या आणि त्यांच्यात वेखंडाचे तुकडे. पहिलं काम मी नेहमी तेच करतो: काहीही उचलायच्या आधी ट्रंक उघडी ठेवून वरून फोटो. मग एकेक थर, ज्या क्रमाने आहे त्या क्रमाने, प्रत्येकाखाली पेन्सिलने आकडा लिहिलेली कागदाची पट्टी. क्रम मोडला की कोणतं कार्ड कोणत्या वहीत होतं हे कायमचं गेलं. फोटो खिडकीशेजारच्या उजेडात, फ्लॅश नाही. जी घडी सहज उघडत नाही ती उघडायची नाही, तशीच यादीत लिहायची. आणि घरचे प्रेमाने म्हणतील, आता लॅमिनेट करून घेतो. त्यांना तिथल्या तिथे थांबवा, चिकटपट्टीपासूनही. साध्या सुती कापडात गुंडाळून परत ट्रंकेत, एवढं पुरतं.

चौथ्या वहीत श्रावण शके १८५३ चा, म्हणजे १९३१ चा हिशेब होता: गूळ, रॉकेल, नारळ, पोस्टाची तिकिटं. आणि पान उलटून धरलं तर मागच्या बाजूला, उलट्या दिशेने, पेन्सिलने आठ ओळी. त्यातल्या पाच मी ओळखल्या, त्या पुढे छापून आलेल्या एका कवितेत आहेत. एका ओळीत एकच शब्द तीनदा खोडून चौथा लिहिलेला, आणि छापील पानावर त्यातला पहिला, खोडलेलाच शब्द. म्हणजे तो त्यांनी मागाहून परत घेतला, की संपादकाने सुचवला, हे अजून ठरलेलं नाही.

मी मोठ्या आनंदाने म्हटलं, "काकू, हे त्यांचं अक्षर!" काकूंनी चष्मा पुसून पान खिडकीकडे धरलं आणि म्हणाल्या, "छे. मामंजींचा 'ल' असा नव्हे. हे आत्याबाईंचं." कवींची विधवा बहीण, त्या घरातच राहायची, वाण्याचा हिशेब तिच्याकडे. भाऊ बोलायचा आणि ही हाताशी असेल त्या कागदावर टिपून घ्यायची, असं काकूंनी सासूबाईंकडून ऐकलेलं. बहिणाबाई चौधरींची गाणी मुलाने आणि मावसभावाने उतरवून ठेवली हे आपल्याला माहीत असतं, कारण त्या स्वतः लिहीत नव्हत्या. लिहिता-वाचता येणाऱ्या कवीच्या घरीही दुसऱ्याचा हात असू शकतो, हे मात्र मी तोवर धरून चाललो नव्हतो. ओळखीच्या अक्षराचा नमुना म्हणून मी जे दोन कागद आधीपासून वापरत होतो, ते त्या दिवशी परत तपासावे लागले. एक आत्याबाईंचाच निघाला.

म्हणून तुमच्या पत्रात एक भर घाला, माझ्या जुन्या मसुद्यात ती नाही: "अक्षर कोणाचे आहे हे ओळखायला आपण माझ्याशेजारी बसावे." संध्याकाळी मी यादी लिहून काकूंच्या हातात दिली तेव्हा त्यांनी ती पूर्ण ऐकून घेतली आणि आठव्या क्रमांकावर बोट ठेवून म्हणाल्या, इथे आत्याबाईंचं नाव घाला. मी तिथेच घातलं, आणि दोन्ही प्रतींवर त्यांची सही घेतली.